साबुदाणा खिचडीची कॅप्शन: नवख्याला जमेल अशी, कमी शब्दांत

कढीपत्ता

मंडळी, जरा मदत हवी आहे. घरी जे करते त्याचा फोटो टाकायचा आणि खाली चार ओळींत कृती लिहायची, असं माझं चालू असतं. वाचणाऱ्यांत बरीच पोरं नुकती घराबाहेर पडलेली आहेत. कोणी नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहतंय, कोणी शिकायला परदेशात. आषाढी जवळ आली की साबुदाणा खिचडीची फर्माईश येते, आणि ती टाकली की दोनच तक्रारी येतात. "ताई, गोळा झाला" आणि "ताई, दाणे कच्चे लागतात". एवढ्या जणांचं एकाच जागी अडतंय म्हणजे लिहिण्यात काहीतरी सुटतंय.

सध्याची कॅप्शन अशी आहे:

> साबुदाणा धुऊन भिजवा. तुपात जिरं, मिरची, बटाटा परता. साबुदाणा, दाण्याचं कूट, मीठ, साखर घाला. वाफ आणा. वर कोथिंबीर, ओलं खोबरं.

सविस्तर पाककृती नको आहे, ती कुठेही मिळते. फोनवर फारसं सरकवावं न लागता वाचून व्हावी, आणि ज्यानं कधी फोडणीसुद्धा दिलेली नाही त्याला ओट्याशी उभं राहून करता यावी, एवढीच अट. काय वाढवू आणि काय काढू?

ठसका

ताई, सोपं आहे. तुम्ही पाण्याचं मापच दिलेलं नाही. एक वाटी साबुदाण्याला एक वाटी पाणी. एवढं लिहा, विषय संपला. बाकी कॅप्शनला हात लावायची गरज नाही. मी कायम एकास एक घेतो, आजवर बिघडली नाही.

उपासाची_दुप्पट_खाशी

कोथिंबीर??? आमच्याकडे उपासाला कोथिंबीर चालत नाही. काहींच्या घरी जिरंही चालत नाही. आधी काय चालतं आणि काय चालत नाही ते लिहा, नाहीतर एखाद्याचा उपास मोडायचा. हळद, मोहरी, हिंग तर घालायचाच नाही, हेही नवीन मुलांना माहीत नसतं. साबूदाणा चालतो आणि कोथिंबीर चालत नाही हे कोणी ठरवलं ते मला विचारू नका.

कढीपत्ता

खाशी, तो स्वतंत्र धागा होईल आणि पाचशे प्रतिसादांवर जाईल. 😄 कोथिंबिरीपुढे "हवी तर" लिहीन.

ठसका, पाण्याचं माप लिहायला हवं हे पटलं. पण माझ्या आईची पद्धत "साबुदाणा बुडून वर अर्धं बोट पाणी" अशी. एकास एक आणि अर्धं बोट, दोन्ही एकच का?

जाड_बुडाची_कढई

नाही, एकच नाही. आणि दोन्हींत खोट आहे.

मी बरीच वर्षं नवशिक्यांचे स्वयंपाकाचे वर्ग घेतले. खिचडीच्या दिवशी प्रत्येकीला आपापल्या घरून भिजवून आणायला सांगायची. ओट्यावर डबे उघडले की एकीचा मोत्यासारखा मोकळा आणि दुसरीची लापशी. विचारलं तर दोघींनीही "वर अर्धं बोट पाणी" ठेवलेलं. फरक भांड्यात होता. अरुंद उभ्या डब्यात अर्धं बोट म्हणजे थोडंसं पाणी. तोच साबुदाणा पसरट पातेल्यात घातला तर अर्धं बोट म्हणजे चांगलं वाटीभर जास्तीचं. आईचं अर्धं बोट बरोबरच असतं, कारण आईचा डबा ठरलेला असतो. कॅप्शन वाचणाऱ्याचा डबा आपल्याला दिसत नाही.

आता ठसक्यांचं एकास एक. माप म्हणून ते बोटापेक्षा बरं. पण साबुदाणा दोनतीनदा धुतला की तोच पाणी धरून बसतो. तो नीट निथळला नाही आणि वर पुन्हा वाटीभर पाणी ओतलं तर ते एकास एक राहत नाही. ठसक्यांना जमतं, कारण ते बहुधा खडखडीत निथळून घेतात आणि ते सांगायचं त्यांच्या लक्षातही येत नाही.

नवख्यासाठी मी असं लिहीन: चाळणीत पूर्ण निथळा, मग एका वाटीला पाऊण वाटी पाणी, झाकून रात्रभर. पाऊण का, तर कमी पडलं तर सकाळी दुरुस्त करता येतं. दोन चमचे शिंपडायचं, वरखाली करायचं, अर्धा तास झाकायचं. जास्त झालं तर ते दाण्यातून परत काढता येत नाही. फार तर फडक्यावर पसरून वरचा ओलावा जाईल. जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे ज्या बाजूची चूक सुधारता येते त्या बाजूला वाचणाऱ्याला ढकलायचं. नवख्यासाठी माप देताना एवढंच पाहावं.

आणि मापाच्या पाठोपाठ खूण द्यायलाच हवी, कारण साबुदाणा जुना-नवा, लहान-मोठा असतो. दाणा चिमटीत दाबला की सपाट व्हायला हवा. मध्ये कणी लागली तर अजून भिजायचाय. आणि मूठभर उचलून सोडला की सुटा पडायला हवा. तळव्याला पांढरं चिकटलं तर ओला आहे.

ठसका

निथळून घेतो हे खरं. चाळणी सिंकमध्ये ठेवून चहा होईपर्यंत विसरतो. पण ते काय सांगायची गोष्ट आहे का?

जाड_बुडाची_कढई

नेमकी तीच सांगायची गोष्ट आहे.

कढीपत्ता, तुमच्या पाच वाक्यांत आणखी तीन जागा मोकळ्या आहेत. बटाटा कच्चा की उकडलेला? कच्च्याच्या फोडी शिजायला वेळ लागतो, तोवर मिरची करपते. नवख्याला उकडलेला द्या. दुसरं, कूट, मीठ आणि साखर कढईत घालायला सांगितलंय. ते साबुदाण्याला आधीच चोळून घ्या. गरम झाल्यावर दाणा चिकट होतो, मग मीठ सगळीकडे लागावं म्हणून ढवळत बसलं की तिथेच गोळा होतो. कूट आधी लागलं की दाण्यादाण्याभोवती कोरडं अस्तर बसतं. तिसरं, "वाफ आणा". ज्यानं कधी आणली नाही त्यानं किती वेळ आणि काय दिसेपर्यंत आणायची?

राइनकाठची_अवदसा

मी जर्मनीत असते. इथे तुमची सगळी मापं पाळूनही माझी खिचडी खळ झाली होती. कारण भलतंच निघालं. जवळ भारतीय दुकान नाही, म्हणून आशियाई दुकानातून "टॅपिओका पर्ल्स" आणले. दिसायला तंतोतंत साबुदाणा, पाकिटावर घटकसुद्धा तोच. रात्री पाण्यात घातले, सकाळी दाणे विरघळून तळाशी खळ. पाकीट नीट वाचलं तेव्हा कळलं की ते थेट उकळत्या पाण्यात शिजवायचे असतात, भिजवायचे नाहीत. परदेशातली मुलं वाचत असतील तर "भारतीय दुकानातलाच घ्या" एवढं घाला.

मु_पो_सेलम

वरच्या प्रतिसादावरून आठवलं. तमिळनाडूत सेलमला नोकरीला होतो. आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा त्याच भागातला. कंद सोलून दळतात, पिठूळ पाणी हौदात निवळू देतात, खाली बसलेल्या ओल्या सत्त्वाच्या गोळ्या करून त्या तापलेल्या तव्यांवर थोड्या भाजतात आणि मग उन्हात वाळवतात. त्या भाजण्यानं दाण्याचं बाहेरचं अंग थोडं शिजतं, म्हणून तो पाण्यात फुगतो पण विरत नाही. आशियाई दुकानातल्यावर तेवढी भाजणी होत नसावी, हा माझा अंदाज.

आणि एक. दुकानात "नायलॉन साबुदाणा" म्हणून मिळतो तो वेगळा. जरा पारदर्शक दिसतो, चिवड्यासाठी तळायला छान, खिचडीला नाही. नवखा माणूस दुकानात दोन्ही शेजारी बघतो आणि चकाकणारा उचलतो.

कढीपत्ता

सगळ्यांचे आभार. हा दुसरा खर्डा. कोणीतरी खरोखर नवख्यानं करून बघाल का? आपण सगळे मनातल्या मनात गाळलेल्या जागा भरतो, त्याचा उपयोग नाही.

> साबुदाणा खिचडी (रात्री भिजवा)
> १ वाटी पांढरा साबुदाणा (नायलॉन नको) धुऊन चाळणीत निथळा. पाऊण वाटी पाणी घालून रात्रभर झाका.
> सकाळी दाणा चिमटीत सपाट व्हायला हवा. अर्धी वाटी कूट, मीठ, साखर चोळा.
> २ मोठे चमचे तुपात जिरं, २ मिरच्या, १ उकडलेला बटाटा.
> साबुदाणा घालून मंद आचेवर परता. वाफ आणून बंद करा.

हिंजवडी_रूम_नं_चार

मी करतो. पात्रता: चहा, मॅगी आणि अंडं उकडणे.

हिंजवडी_रूम_नं_चार

केली. रिपोर्ट देतो.

भिजवण्यापर्यंत एकदम भारी. चिमटीत दाबला, सपाट झाला, मी खूश. आम्ही चौघं आहोत म्हणून सगळं तिप्पट घेतलं. मीठ किती ते लिहिलं नव्हतं, अंदाजानं टाकलं, जरा जास्तच झालं. आमच्याकडे इंडक्शन आहे, त्यावर मंद आच म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून सर्वात खालच्या आकड्यावर ठेवलं. तर ते मध्येच बंद पडायचं, पुन्हा चालू व्हायचं. "परता" लिहिलं होतं म्हणून मी उलथन्यानं सतत परतत राहिलो, करपू नये म्हणून. वीस मिनिटांनी खालचा भाग पेस्ट, वरचे दाणे पांढरेच. मग "वाफ आणा" म्हणून झाकण ठेवलं, आणि उघडलं तेव्हा एकच केक. चव बरी होती, खारट असली तरी. चौघांनी चमच्यानं कापून खाल्ली.

जाड_बुडाची_कढई

शाब्बास, फार कामाचा रिपोर्ट दिलास. वरचे दाणे पांढरे आणि खालचे चिकट, यावरून कळतं की कढईत माल जास्त होता. तुझा पॅन बहुतेक एका माणसाच्या ऑम्लेटाएवढा असणार. भिजल्यावर साबुदाणा फुगून दुपटीच्या आसपास होतो, तीन वाट्यांचा ढीग झाला असेल. ढिगाच्या तळाला उष्णता जास्त, वर काहीच नाही. वरचे शिजेपर्यंत तळातले चिकट होणारच. आणि तू सतत घोटलंस, त्यामुळे फुटलेल्या दाण्यांची खळ बाकीच्यांना लागली. कॅप्शनमध्ये "एका वेळी एकच वाटी" हवं. चौघांसाठी असेल तर दोन-तीन वेळा करायची, पसरट कढई असली तर दोन वाट्या जातील. नॉनस्टिक असला तर उत्तम, लोखंडी कढईत नवख्यानं जाऊ नये.

इंडक्शनचं सांगते. खालच्या आकड्यांवर बरेच इंडक्शन सतत मंद चालत नाहीत. थोडा वेळ जोरात चालतात, थोडा वेळ बंद असतात. मशीन बिघडलेलं नसतं. फोडणी हजारबाराशे वॅटवर घे, साबुदाणा घातला की पाचशेच्या आसपास आण. आकडा कुठलाही असो, कानानं ओळख: हलकं चुरचुरत राहायला हवं. तडतड झाली तर आच जास्त, आवाजच नाही तर कमी.

हिंजवडी_रूम_नं_चार

काकू, पॅन ऑम्लेटचाच आहे. तुम्हाला कसं कळलं. 🙈

विदर्भाचा_तर्रीबाज

आमच्या नागपूरकडे हिला उसळ म्हणतात, आधी ते घ्या नोंदवून. आता मुद्दा. वाफ आणायचीच कशाला? झाकण ठेवलं की आतल्या बाजूला पाणी जमतं, ते टपटप खाली पडतं आणि जिथे पडतं तिथे गठ्ठा. मी झाकण ठेवतच नाही. परतत परतत मोकळी करतो, तूप जरा सढळ. कॅप्शनमधून ती ओळ उडवा, दोन शब्दही वाचतील.

ठसका

आणि मग दाणे कच्चे राहतात. वाफेशिवाय साबुदाणा शिजत नाही हो. शिजायला पाणी लागतं.

जाड_बुडाची_कढई

ठसके, पाणी दाण्याच्या आत आहेच, रात्रभर तेच तर पाजलं. नीट भिजलेला दाणा उघड्या कढईतही शिजतो. पण तर्रीबाजांना सढळ तूप आणि सवयीचा हात आहे. कमी तुपात उघडं ठेवलं तर वरचे दाणे कोरडे होऊन चिवट लागतात. मी स्वतः अर्धवट झाकते, तेही दोन मिनिटंच, आणि झाकण काढताना आडवं सरकवते म्हणजे पाणी कढईत पडत नाही. आता हे सगळं कॅप्शनमध्ये कसं बसवायचं ते मलाही सुचत नाही.

पोह्यावर_शेव

साबुदाण्याचं मला कळत नाही, पण मी पोह्यांची अशीच कॅप्शन लिहिते, ती देऊ का? जाड पोहे चाळणीत धुवायचे, दहा मिनिटं ठेवायचे, मीठ साखर आधीच लावायची...

कढीपत्ता

शेव, पोह्यांचा धागा काढ ना वेगळा, मी येते तिथे. इथे साबुदाणाच निस्तरू दे.

रीळवाला

खाण्यापेक्षा टाकण्याच्या बाजूनं बोलतो. इन्स्टावर कॅप्शनला २२०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागा भरपूर. पण उघडल्याशिवाय सुरुवातीची एकदोन ओळच दिसते. लोक तिथे "माझ्या आजीच्या हातची" वगैरे लिहितात. तुमच्या पहिल्या ओळीत "रात्री भिजवा" आहे ते एकदम बरोबर, कारण सकाळी आठला फोटो बघून भूक लागलेल्या माणसाला हे चौथ्या ओळीत कळून काय उपयोग. त्यात "किती जणांना" आणि "सकाळी किती वेळ" हेही घाला.

दुसरं, शब्द वाचवायचे असतील तर फोटोला काम द्या. तयार खिचडीचे चार फोटो टाकण्यापेक्षा एक खिचडीचा आणि एक चिमटीत चपटा झालेल्या दाण्याचा, अगदी जवळून. तिसरा कढईचा, निम्मे दाणे पांढरे आणि निम्मे पारदर्शक असताना. "बंद कधी करायचं" हे लिहून सांगायला ओळी लागतात, फोटोत दिसतं. फक्त फोटो खिडकीच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली कच्चा आणि शिजलेला दाणा सारखाच दिसतो.

जाड_बुडाची_कढई

फोटोची सूचना छान. पण कॅप्शन व्हॉट्सॅपवर चिकटवून पुढे पाठवतात तेव्हा फोटो मागे राहतो. खूण शब्दांतही असू दे, थोडक्यात: "पांढरेपणा गेला की बंद". वेळ लिहायचाच तर खुणेच्या मागे लिहा, पुढे नको. "सहा मिनिटं" आधी वाचलं की माणूस घड्याळ बघतो, कढई बघत नाही. आणि सगळे दाणे पारदर्शक होईपर्यंत थांबायचं नाही. थोडेसे पांढरट असतानाच बंद केलं तर कढईच्या उष्णतेनं बाकीचे होतात.

"परता" काढाच. पोरानं वीस मिनिटं घोटलं त्यात त्याचा दोष नाही. "मिनिटाला एकदा तळातून उलटा, मध्ये हात लावू नका" असं लिहा. जास्तीचे शब्द गेले तरी चालतील. बाकी ठिकाणी काटकसर करा, पण पाणी, कढईतला माल, हात आणि थांबणं या चार जागी शब्द खर्च करावेच लागतील. जिरं किती, कोथिंबीर किती, खोबरं कोणतं यानं खिचडी बिघडत नाही. तिथे माप दिलं नाही तरी चालतं.

कढीपत्ता

घ्या, तिसरा खर्डा. कोथिंबीर-खोबरं एका शब्दात गुंडाळलं. बटाटा "उकडलेला" एवढंच लिहिलंय, तो कसा उकडायचा ते सांगितलं नाही. अंडं उकडता येणाऱ्याला बटाटा येईल असं धरून चालते.

> साबुदाणा खिचडी, २ जणांना. रात्री भिजवा, सकाळी १५ मिनिटं.
> (सगळ्याला एकच वाटी. एका वेळी एवढीच करा.)
>
> रात्री
> १. १ वाटी पांढरा साबुदाणा, नायलॉन नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चाळणीत १० मिनिटं निथळा.
> २. पाऊण वाटी पाणी घाला. झाका.
>
> सकाळी
> ३. दाणा चिमटीत दाबा. कणी लागली तर २ चमचे पाणी शिंपडून अर्धा तास थांबा.
> ४. अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण लहान चमचा मीठ, १ लहान चमचा साखर हातानं लावा.
> ५. पसरट कढईत २ मोठे चमचे तूप. जिरं तडतडलं की २ मिरच्या, १ उकडलेला बटाटा.
> ६. आच कमी. साबुदाणा घाला. मिनिटाला एकदा तळातून उलटा, मध्ये हात लावू नका.
> ७. बहुतेक दाण्यांचा पांढरेपणा गेला की बंद (५ ते ७ मिनिटं). लिंबू, हवं ते वरून. गरमच खा.

राइनकाठची_अवदसा

"भारतीय दुकानातला" कुठे गेलं?

कढीपत्ता

तुझ्यासाठी खाली पहिली टिप्पणी म्हणून टाकते. प्रत्येकाचा अपवाद आत घेतला तर कॅप्शनचा लेख होईल. सत्तर टक्के तक्रारी पाण्याच्याच असाव्यात असं मला वाटतं, मोजलेल्या नाहीत.

उपासाची_दुप्पट_खाशी

"हवं ते वरून" हे चतुर आहे. चालेल. पण लिंबू?

विदर्भाचा_तर्रीबाज

खाशी, आता लिंबावर नको.

कढीपत्ता, झाकणाची ओळ उडवली ते वाचून बरं वाटलं. पण कूट अर्धी वाटी म्हणजे कंजुषी आहे. आमच्याकडे पाऊण असतं.

जाड_बुडाची_कढई

पाऊणनं चव येते, पण कूट जास्त झालं की तेच आधी तळाला लागतं आणि नवखा घाबरून ढवळायला लागतो. पहिल्यांदा अर्धी असू दे, हात बसला की वाढवेल. आणि कूट अगदी पीठ नको, थोडं जाडसर. पिठासारखं कूट तेल सोडतं आणि साबुदाण्याला लेप बसतो. "जाडसर" हा एक शब्द घाला.

सहाव्या ओळीत "आच कमी" आहे, तिथे "हलकं चुरचुरत राहील इतकी" असं करता येईल का बघा. इंडक्शनवाल्यांना आणि गॅसवाल्यांना दोघांना लागू पडेल.

हिंजवडी_रूम_नं_चार

शनिवारी रात्री भिजवला, रविवारी केली. दोन वाट्यांसाठी दोन वेळा केली. पहिली खेप: सकाळी मध्ये कणी लागत होती, शिंपडून अर्धा तास थांबलो, मग नीट सपाट झाला. पॅन नवीन आणला (रूममेटच्या पैशानं). उलटताना हात शिवशिवत होता पण मध्ये लावला नाही. दाणे सुटे झाले! फोटो टाकतोय. थोडे वरचे दाणे जरासे चिवट आहेत असं एकाचं म्हणणं, पण त्याला फुकट मिळाल्यावर तो काहीही म्हणतो.

दुसऱ्या खेपेला पाच मिनिटांनी अर्धवट झाकण ठेवलं, काकू म्हणाल्या तसं आडवं सरकवून काढलं. ती जास्त मऊ झाली. मोकळी पण होती.

ठसका

बघा! वाफ लागतेच.

विदर्भाचा_तर्रीबाज

दुसऱ्या खेपेला पॅन आधीच तापलेला होता, तूपही शिल्लक होतं. त्यानं फरक पडला असेल. झाकणाचं श्रेय कशाला देता?

हिंजवडी_रूम_नं_चार

तूप दुसऱ्यांदा जरा जास्त पडलं होतं हे खरं आहे.

जाड_बुडाची_कढई

मग या दोन खेपांवरून झाकणाचा निकाल लागत नाही. तूप सारखं ठेवून कोणीतरी करून बघा. तोवर कढीपत्ता, झाकण कॅप्शनमध्ये नको. न ठेवल्यानं फार तर जरा चिवट होते, ठेवल्यानं गोळा होऊ शकतो.

नोकरदार_सूनबाई

उशिरा आले. एक विचारते, डब्यात नेली की दुपारपर्यंत खडखडीत होते. "गरमच खा" म्हणणं सोपं आहे, आमच्या हापिसात मायक्रोवेव्ह आहे फक्त.

जाड_बुडाची_कढई

थंड झाला की साबुदाणा आखडतोच, त्याला इलाज नाही. पण गरम केला की पुन्हा सुटतो. डब्यात चमचाभर पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवून मिनिटभर फिरवा, मग काट्यानं मोकळी करा, चमच्यानं नको. एकदाच गरम करा, दुसऱ्यांदा रबर होतं. आणि ज्यांचा साबुदाणा भिजतानाच लापशी झालाय त्यांनी खिचडीचा हट्ट सोडावा. त्यात बटाटा आणि कूट कालवून वडे थापावेत.

कढीपत्ता

"जाडसर" आणि "चुरचुरत" दोन्ही घातलं. डब्याचं आणि वड्यांचं टिप्पणीत टाकते. आषाढीच्या आदल्या दिवशी दुपारी पोस्ट करेन, म्हणजे रात्री भिजवायला वेळ मिळेल. झाकणाचा प्रयोग कोणी केला तर इथेच लिहा, तूप मोजून.

पोह्यावर_शेव

पोह्यांचा धागा काढला आहे. पहिल्याच प्रतिसादात "पोहे भिजवायचे की नुसते धुवायचे" यावर जुंपली आहे. या लवकर.